समुद्रापासून पंधरा किलोमीटर आत

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागकडे निघालं, की जमीन हळूहळू निमुळती होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि मधल्या पट्टीवर माड, घरं आणि पाट्या. पाट्या वाचत जाण्याची मला सवय आहे. एसी रूम, वायफाय, चोवीस तास गरम पाणी, सी-व्ह्यू, घरगुती मालवणी जेवण, स्कूबा व पॅरासेलिंगचं बुकिंग येथे. नाव झाकलं तर कुठली पाटी कुणाची हे घरमालकालाही सांगता येणार नाही.

याच पट्ट्यातली मुलं माझ्या वर्गात बसतात. मी स्ट्रॅटेजिक मार्केटिंग शिकवतो, आणि दरवर्षी त्यात ब्लू ओशनचा धडा येतो. समुद्राकाठच्या मुलांना हा विषय आवडतो, पण बहुतेक जण त्याचा अर्थ ‘काहीतरी वेगळं करा’ एवढाच घेतात आणि उत्साहाने वेगळं सुचवू लागतात. झाडावरची खोली, काचेचा तळ असलेली होडी, रात्री शेकोटी. यातलं बरंचसं कुणीतरी आधीच करून बसलेलं असतं. म्हणून मी कल्पना विचारतच नाही. आधी आलेखाचा कागद वाटतो.

चॅन किम आणि रेने मोबॉर्न हे दोघे फ्रान्समधल्या इन्सिआड या बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे. त्यांचं या विषयावरचं पुस्तक २००५ साली आलं आणि ‘ब्लू ओशन’ हा शब्द जगभर गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच गिऱ्हाइकासाठी, एकाच मापाने सगळे झुंजतात तो लाल समुद्र, आणि जिथे मागणीच नव्याने उभी करावी लागते, त्यामुळे आजची स्पर्धा लागूच पडत नाही, तो निळा. पण त्या दोघांचं सगळ्यात कामाचं देणं माझ्या मते हे नाव नव्हे, स्ट्रॅटेजी कॅनव्हास आहे. आडव्या रेषेवर आपल्या धंद्यात लोक ज्या ज्या गोष्टींवर पैसा आणि मेहनत घालतात त्या गोष्टी लिहायच्या. उभ्या रेषेवर गिऱ्हाइकाला त्यातलं किती मिळतं, ते. प्रत्येक धंदेवाल्याचे ठिपके मांडून जोडले, की त्याची रेघ तयार होते. तिला व्हॅल्यू कर्व्ह म्हणतात.

वर्गात आम्ही किनाऱ्यावरच्या घरांच्या रेघा काढतो. मुलं आपापल्या घराचे आकडे मांडतात, शून्य ते पाच. मग सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरतो. रेघा जवळजवळ एकमेकींवर बसतात. दर कुणाचा थोडा वर, वायफाय कुणाचं थोडं खाली, एवढाच फरक. दरवर्षी या वेळी वर्गात थोडा हशा होतो आणि मग जरा शांतता पसरते. एका मुलाचे वडील एकदा मला स्पष्टच म्हणाले होते, “समोरच्यान एसी लावल्यान, मग आमी काय करूचा?” त्यांचं चूक नव्हतं. समोरच्याने लावला आणि आपण नाही लावला, तर फोनवर विचारणारं गिऱ्हाईक पहिल्याच प्रश्नाला गळतं. रेघा एकमेकींवर बसतात त्या आळसामुळे नाही; प्रत्येकाने शहाणपणाने शेजाऱ्याकडे बघितल्यामुळे बसतात.

रेघ काढताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो, आणि ते दोन्ही समजून घेतले की कॅनव्हास अर्धा समजला.

पहिला घोळ दराच्या रकान्यात. मुलं म्हणतात, आमचं घर स्वस्त, म्हणजे चांगलं, म्हणून दराला पाच. तसं नाही. कॅनव्हासवर दर जितका जास्त तितका ठिपका वर. गिऱ्हाईक किती मोजतं ते तिथे लिहायचं. ते चांगलं की वाईट हा निवाडा तिथे करायचा नाही. हे उलटं मांडलं की अख्खी रेघ खोटं बोलते. ज्या घराचा दर खाली आहे आणि बाकी सगळे ठिपके वर आहेत, ते घर खरं तर स्वतःचा खिसा कापून पाहुण्याला देतंय. बरोबर मांडलं तर हे कागदावर लगेच दिसतं: डावीकडे दराचा एक ठिपका तळाशी आणि पुढे सगळी रेघ छतावर. दर उलटा मांडला तर तीच रेघ सरळ, सुरेख, भरभराटीची वाटते.

दुसरा घोळ शब्दांचा. एका मुलीने रकान्यात लिहिलं होतं: इन्व्हर्टरची क्षमता. पाहुण्याला इन्व्हर्टरशी देणंघेणं नसतं. वीज गेली तर पंखा चालू राहतो का, एवढंच त्याला हवं असतं. रकाने मालकाच्या भाषेत लिहिले की रेघही मालकाच्याच डोक्यातली निघते, आणि ज्याच्यावर गिऱ्हाईक खरोखर निर्णय घेतं ते रकाने कागदावर येतच नाहीत. याची खूण सोपी आहे. रकान्याचं नाव वाचून पाहुणा “म्हणजे काय?” असं विचारत असेल, तर ते नाव बदलायचं.

आता मुख्य काम. लाल समुद्रातली रेघ आपल्याकडे आहे, ती वेगळी कशी करायची? इथे बहुतेक जण त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायला जातात, आणि ते नेहमीचंच सांगतं: अजून थोडं स्वस्त करा, अजून थोडी मोठी खोली द्या. किम आणि मोबॉर्न यांचा आग्रह असा, की जे आपलं गिऱ्हाईक नाही त्याच्याकडे जा. त्याचे ते तीन थर पाडतात. एक काठावरचा, जो नाइलाजाने येतो आणि दुसरं बरं काही मिळताच निघून जाईल. दुसरा, ज्याने बघून ठरवून नाही म्हटलंय. तिसरा, ज्याचा आपल्या धंद्यात कुणी कधी विचारच केलेला नाही.

कोकणात हा तिसरा थर शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो गणपतीला आणि शिमग्याला गाडी भरून येतो. चाकरमानी.

ज्याचं गावात स्वतःचं घर आहे, त्याला होमस्टेवाला गिऱ्हाईक म्हणून मोजतच नाही. पण त्या घराकडे एकदा जवळून बघा. आईवडील मुंबईला मुलाकडे, घराला कुलूप. पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायला माणूस मिळत नाही. ओटीवर वाळवी, विहिरीच्या पंपाला गंज, संडास पाठीमागे चार पायऱ्या उतरून, आणि घर चार भावांच्या नावावर असल्यामुळे दुरुस्ती कुणी करायची यावर दहा वर्षं बोलणी. वृद्ध आईबापांना गावी राहायची ओढ तर असते, पण दोन दिवसांसाठी ते घर उघडायचं म्हणजे त्यातला एक दिवस झाडलोटीत जातो. भावाकडे उतरावं तर त्याच्या सुनेला त्रास. मग ते येतात, जत्रेला देवीच्या पाया पडतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. किंवा येतच नाहीत.

वर्गाच्या कामासाठी मुलं अशा लोकांशी बोलून आली. एकीने आपल्या डोंबिवलीच्या आजीला विचारलं, की तारकर्लीला आपल्या ओळखीच्या घरात राहशील का, समोर समुद्र आहे. आजीचं उत्तर तिने जसंच्या तसं लिहून आणलं: “समुद्र काय बगूचो? माझो गुडघो वाकणा नाय. आदी कमोड आसा काय ता सांग.” आम्ही आधी काढलेल्या कॅनव्हासवर कमोड हा रकानाच नव्हता. सगळ्या घरांत तो आहे, हे गृहीत होतं. पण न्हाणीच्या उंबऱ्याची उंची, धरायला दांडा, ओली फरशी, ओटीवर चढायच्या पायऱ्या याबद्दल कुणी पाटीवर एक अक्षर लिहिलेलं नसतं.

यातून आम्ही एक घर उभं केलं. हे घर खरं नाही, आधीच सांगतो. वर्गातल्या तीन-चार मुलांच्या घरांतून तुकडे उचलून जोडलेलं आहे, आणि पुढचे आकडे आमच्या हिशोबाचे आहेत. चार खोल्यांचं कौलारू घर, मालवण तालुक्यातच पण किनाऱ्यापासून पंधराएक किलोमीटर आत, कट्टा-पेंडूरच्या बाजूला. समोर भाताचे कुणगे, मागे फणस. आजच्या बाजाराच्या नजरेने बघितलं तर या घराकडे विकण्यासारखं काहीही नाही. कुडाळ स्टेशन मात्र फार लांब नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावू लागली आणि म्हाताऱ्या माणसांना रात्रभराच्या एसटीतून सुटका मिळाली, ही गोष्ट या घराच्या पथ्यावर पडते.

या घराच्या रेघेला चार प्रश्न विचारायचे. जे सगळे गृहीत धरतात त्यातलं काय साफ काढून टाकता येईल? काय कमी करता येईल? काय वाढवायचं? आणि या धंद्यात कधीच नव्हतं असं काय आणायचं? प्रश्न चार असले तरी मुलांची वही बघितली की कळतं, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं पानभर असतात आणि पहिल्या दोघांसमोर एकेक ओळ. कोकणातला यजमान ‘नाही’ म्हणायला लाजतो. पाहुण्याने मागितलं आणि आपल्याकडे नाही, हे त्याला कमीपणाचं वाटतं. पण खर्च पहिल्या दोन प्रश्नांतूनच उतरतो. त्यांना उत्तर दिलं नाही, तर नवी रेघ ही जुनी रेघ अधिक चार नव्या गोष्टींचा खर्च एवढीच उरते.

बऱ्याच वादावादीनंतर जो कागद तयार झाला तो असा:

| रकाना | किनाऱ्यावरची घरं | आतलं घर |
|---|---|---|
| दिवसाचा दर | ३ | २ |
| समुद्राचं दर्शन | ५ | ० |
| एसी, टीव्ही, वायफाय | ४ | १ |
| वॉटर स्पोर्ट्सची सोय | ४ | ० |
| सुरमई-पापलेटचं ताट | ४ | १ |
| गुडघ्यांना सोसेल अशी न्हाणी, सपाट वावर | १ | ५ |
| रोज पचेल असं घरचं जेवण | २ | ५ |
| पंधरा दिवस, महिनाभर मुक्काम | ० | ५ |
| देवळात, नातेवाइकांकडे, दवाखान्यात नेणं-आणणं | ० | ४ |

सगळ्यात मोठं भांडण मासळीच्या ताटावरून झालं. मालवणात राहून सुरमई नाही म्हणजे काय! पण विचार करा, महिनाभर राहणारं म्हातारं माणूस रोज तळलेली सुरमई खाणार नाही. त्याला सकाळी पेज हवी, दुपारी कुळथाची पिठी-भात, कधी अळू, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, आणि चवीला भाजलेला बोंबील किंवा सुकटाची कोशिंबीर. शिवाय यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा मोठी मासळी मिळते ती बर्फातली आणि महाग. किनाऱ्यावरच्या घरांना या दिवसांत दोन्हीकडून फटका बसतो: ताटातली मासळी जाते आणि वॉटर स्पोर्ट्सही बंद पडतात. आतल्या घराने या दोन्ही गोष्टी मुळातच जवळजवळ शून्यावर आणल्या असल्यामुळे त्याला पावसाळा हा बंद हंगाम उरत नाही. उलट लावणी बघायला, कौलांवरचा पाऊस ऐकायला आसुसलेली माणसं त्याच दिवसांत यायला तयार असतात. हे मला या उदाहरणातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं. काढून टाकलेल्या रकान्याने खर्च तर वाचवलाच, वर वर्षाचे चार महिने मिळवून दिले.

सर्कसचं प्रसिद्ध उदाहरण इथे आठवायला हरकत नाही, कारण तिथेही खरी करामत काढून टाकण्यातच होती. १९८४ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुरू झालेल्या ‘सर्क द्यु सोलेल’ने जनावरं काढली, नामांकित कसरतपटूंवरचा खर्च काढला, आणि कथा, संगीत, नृत्य आणलं. जनावरं पोसणं हा सर्कशीतला मोठा खर्च होता आणि प्रेक्षकांना ते खटकूही लागलं होतं. तिकीट मात्र त्यांनी सर्कशीच्या वर, नाटकाच्या जवळ नेलं. म्हणजे दराचा ठिपका खाली असलाच पाहिजे असं काही नाही. तो कुठे ठेवायचा हे, गिऱ्हाईक आपली तुलना कशाशी करतं त्यावर ठरतं.

आतल्या घराची तुलना कशाशी होणार? दुसऱ्या होमस्टेशी नाही. ती होणार स्वतःचं बंद घर उघडण्याशी: साफसफाईचा माणूस, गॅस, पंपाची दुरुस्ती, स्वयंपाकाला बाई, कुडाळहून गाडी. किंवा मुंबईतच राहण्याशी, ज्याला जास्तीचा खर्च काहीच नाही. म्हणून आम्ही दर ठरवला तो या दोघांच्या मध्ये: दोघांचं जेवणखाण धरून एका खोलीचे दिवसाला १,३००. आधी खर्च काढून त्यावर नफा चढवला नाही. आधी दर, मग त्यात बसेल असा खर्च. हा क्रम पुस्तकातलाच आहे आणि तो पाळायला अवघड जातो.

हिशोब साधा आहे. १,३०० मधले ४५० दोघांच्या जेवणाला, १५० धुणं, वीज आणि गाडीला. ७०० हातात राहतात. चार खोल्या वर्षातून प्रत्येकी २०० दिवस भरल्या, तर ८०० खोली-दिवसांचे ५,६०,००० रुपये. त्यातून मदतीच्या बाईंचा पगार महिना १०,०००, म्हणजे वर्षाचे १,२०,००० गेले. उरले ४,४०,०००.

किनाऱ्यावरचं तसंच चार खोल्यांचं घर आम्ही असं धरलं: दर २,४००, त्यातले ५०० बुकिंगच्या ॲपचं कमिशन आणि सवलत यात जातात, आणखी ५०० रोज चादरी बदलणं, एसीची वीज आणि सफाईत. राहतात १,४००. शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिना मिळून प्रत्येक खोली १०० दिवस भरली, तर ४०० खोली-दिवसांचे तेवढेच ५,६०,०००. पण इथे कर्जाचा हप्ता, खाऱ्या हवेने दरवर्षी लागणारं रंगकाम आणि वर्षभर ठेवावा लागणारा पोऱ्या मिळून महिना २०,००० धरले, तर २,४०,००० जातात. उरतात ३,२०,०००.

फळ्यावर हे आलं, की मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. तेव्हा मी एकच आकडा बदलायला सांगतो. २०० च्या जागी १५० दिवस घ्या. ६०० खोली-दिवसांचे ४,२०,०००, पगार वजा जाता ३,००,०००. म्हणजे किनाऱ्यावरच्या घरापेक्षा कमी. दोन्ही घरं सारखी होतात ती साधारण १५७ दिवसांवर. रेघ कितीही देखणी असू दे, सगळा डाव त्या १५७ वर आहे, आणि कॅनव्हास त्याबद्दल काहीही सांगत नाही. तो सांगतो काय द्यायचं. किती जण घेतील हे त्याला माहीत नसतं. न्हाणीघरं नव्याने बांधायला लागणारा एकरकमी पैसा तर मी अजून धरलेलाच नाही.

मग ते १५७ दिवस भरतील की नाही, हे कसं कळणार? भिंतीला हात लावायच्या आधी एकच खोली करून बघायची, आणि “याल का?” असं न विचारता येत्या श्रावणातल्या पंधरा दिवसांचे आगाऊ पैसे मागायचे. “वा, किती छान कल्पना” म्हणणारे पुष्कळ भेटतात. पैसे देणारे किती, तेवढेच मोजायचे.

वर्गातल्या या घराला एक अडथळा असा निघाला, जो मला स्वतःला सुचला नसता. एक मुलगा म्हणाला, “सर, आपल्या गावात पैसे देऊन राहिलं तर भावकी काय म्हणेल?” खरंच आहे. चुलतभावाचं घर शंभर पावलांवर असताना काकाने भाड्याच्या खोलीत उतरायचं, म्हणजे चुलतभावाच्या नावाला बट्टा. काकाची सोय झाली, दर परवडला, खर्च बसला, तरी काका येणार नाही. उपयोग, दर आणि खर्च यांच्यानंतर ‘लोक ते स्वीकारतील का’ ही चौथी पायरी असते. पुस्तकात ती शेवटी येते म्हणून मुलं ती घाईत उरकतात, आणि कल्पना बऱ्याचदा तिथेच मरतात. आम्ही काढलेला उपाय: या घराने आपल्या वाडीतल्यांना गिऱ्हाईक धरायचंच नाही. आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांतले चाकरमानी धरायचे, ज्यांना आपल्या गावी जाऊन-येऊन करता येईल पण रात्री कुणाच्या दारात उतरावं लागणार नाही. चुलतभावाला त्यात मान राखल्यासारखंच वाटतं, कारण काका दुपारी जेवायला त्याच्याचकडे येतो.

आता यशस्वी झालं असं धरा. शेजारचा किती दिवसांत नक्कल करील? कमोड, दांडा, पेज यात पेटंट घेण्यासारखं काही नाही. मालवणात स्कूबाचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीला मोजक्यांनी केलं तेव्हा ते निळं पाणी होतं. आता किनाऱ्यावर उतरलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेपाशी एजंट उभा असतो आणि दर माणूस बघून खाली येतो. पाणी कधी ना कधी लाल होतंच. पण त्याला किती वेळ लागतो हे नक्कल करणाऱ्याला काय सोडावं लागतं यावर असतं. स्कूबासाठी कुणाला काहीच सोडावं लागलं नाही. होडी होतीच, त्यात सिलिंडर आले. आतल्या घराची नक्कल देवबागच्या घराला करायची असेल, तर शनिवारची गिऱ्हाइकं सोडावी लागतील. रात्री अकराला गाण्याचा आवाज वाढवणारी पोरं आणि नऊला झोपणारे आजी-आजोबा एका ओटीवर नांदत नाहीत. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस शनिवार सोडू शकत नाही.

इथे माझं पुस्तकाशी थोडं वाकडं आहे. किम आणि मोबॉर्न म्हणतात, की वेगळेपण आणि कमी खर्च यांतलं एकच निवडावं लागतं हा जुना समज मोडता येतो. स्ट्रॅटेजीचे नावाजलेले अभ्यासक मायकेल पोर्टर १९९६ च्या आपल्या लेखात बजावतात, की काय करायचं नाही हे निवडणं हाच स्ट्रॅटेजीचा गाभा आहे. मुलांना हे दोन परस्परविरोधी पक्ष म्हणून शिकवले जातात. मला आतल्या घराच्या हिशोबात दोन्ही एकाच वेळी दिसतात. नवी रेघ शोधताना पहिले बरोबर ठरतात: दरही कमी, सोयही जास्त. ती रेघ टिकवताना पोर्टर बरोबर ठरतात: ज्या गोष्टी आपण सोडल्या त्या शेजाऱ्याला सोडवत नाहीत, म्हणूनच आपण वाचतो.

आणि म्हणूनच आतल्या घराला खरा धोका शेजाऱ्याकडून नाही, मालकाच्या स्वतःच्या मोहाकडून आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की आजूबाजूला खोली मिळेनाशी होते. त्या दोन रात्रींना कुणी चौपट दर देऊ करतो. एक खोली रिकामी आहे, का सोडा? मग मे महिन्यात दोन कुटुंबं, त्यांच्यासाठी एक एसी. एसी लावलाच आहे तर ॲपवर टाकू. वर्षभराने कॅनव्हास पुन्हा काढला, तर शून्यावरचे ठिपके दोन-तीनवर आलेले असतात आणि पाचवरचे तीनवर. रेघ मधोमध सपाट झाली, म्हणजे घर पुन्हा देवबागच्या पाट्यांत गेलं, फक्त समुद्राशिवाय. तपासायची युक्ती अशी, की दर सहा महिन्यांनी रेघ मालकाने काढायची नाही, राहून गेलेल्या पाहुण्याकडून काढून घ्यायची. मालकाच्या हातून शून्य कधी एक होतं ते त्याला कळत नाही.

गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, त्याच्या आईची मालवण बाजारात खानावळ आहे, तिने पण असं काही शोधावं का. खानावळी गल्लोगल्ली आहेत, रेघा सगळ्यांच्या सारख्या, ताट तेच. मी त्याला खानावळीची वही आणायला सांगितली. दुपारी टेबलं दोनदा भरतात, मासळी रोज लिलावातून स्वतः आई आणते, शिळं उरत नाही, उधारी नाही, जागा स्वतःची. लाल समुद्रात ती तिच्या बाजूच्या पाचही जणांपेक्षा स्वस्तात आणि नीट पोहते आहे. रेघ वेगळी करायला गेली, तर आज जे दुपारी एक वाजता ठरलेलं मागायला येतात त्यांनाच कोड्यात टाकील. मी म्हटलं, कॅनव्हास घडी करून ठेव आणि आईला लिलावात लवकर पोहोचता येईल अशी जुनी स्कूटर बघ.

तो थोडा नाराज झाला. प्रकल्पाचे मार्क त्याला दुसऱ्या विषयावर मिळाले.